वहीत नफा, खात्यात खडखडाट: हिशेब रोखीने ठेवावा की उपार्जनाने?

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. जानेवारीत स्वतःचा फॅब्रिकेशनचा वर्कशॉप सुरू केलेला एक तरुण माझ्या टेबलासमोर बसला होता. तीन महिन्यांचा हिशेब त्याच्यापुढे ठेवला, तसा तो वैतागला. "ताई, तुम्ही पावणेतीन लाखांच्या वर नफा दाखवताय. माझ्या खात्यात बघा. कर्जाचे पैसे पण संपत आलेत. हा नफा गेला कुठं?"

कामगारांचे पगार देताना हात आखडता घ्यावा लागतो आणि कागदावर मात्र आपण कमावतोय असे दिसते, तेव्हा माणसाला हिशेबावर संशय येणारच. पण त्याचा हिशेब बरोबर होता आणि त्याची तक्रारही खरी होती. दोन्ही एकाच वेळी खरे कसे असू शकते, हे कळले की हिशेबाच्या दोन पद्धतींतला फरक आपोआप कळतो.

## ऊस कारखान्याला गेला, मग कमाई कधी झाली?

आमच्या भागात हे समजवायला ऊस पुरतो. डिसेंबरात तोड झाली, ट्रॉल्या काट्यावर वजन होऊन आत गेल्या, वजनाची पावती हातात आली. पहिला हप्ता महिन्याभराने येतो, उरलेला आणखी नंतर. आता शेतकऱ्याची कमाई कधी झाली? काट्यावर वजन झाले तेव्हा, की हप्ता खात्यावर पडला तेव्हा?

"खात्यावर पडला तेव्हा" असे म्हणाल, तर तुम्ही रोख पद्धतीने विचार करता आहात. पैसा आला की जमा, पैसा गेला की खर्च, मधले काही नाही. "वजन झाले तेव्हा" असे म्हणाल, तर ती उपार्जन पद्धत. हक्क निर्माण झाला की उत्पन्न धरायचे आणि देणे निर्माण झाले की खर्च, पैसा मागाहून का येईना. आयकर कायद्यात हिलाच व्यापारी पद्धत म्हणतात आणि सीएच्या ऑफिसात ‘ॲक्रुअल’. तिन्ही नावे एकाच गोष्टीची आहेत. मी पुढे उपार्जन एवढेच म्हणेन.

एक गैरसमज आधी काढून टाकू. रोख पद्धत म्हणजे नोटांचा व्यवहार नव्हे. चेक, यूपीआय, बँक ट्रान्सफर हे सगळे इथे ‘रोख’च आहे. उधारी नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

## त्या वर्कशॉपचा हिशेब, दोन्ही बाजूंनी

आता त्या तरुणाची वही उघडू. आकडे सोपे केले आहेत, जीएसटी सध्या बाजूला ठेवला आहे. यंत्रांचा खर्च घसाऱ्याच्या रूपाने दोन्ही पद्धतींत सारखाच येतो, म्हणून तोही सोडला आहे.

जानेवारीत त्याने ४ लाखांची बिले केली, फेब्रुवारीत ५ लाखांची, मार्चमध्ये ६ लाखांची. एकूण १५ लाख. ३१ मार्चपर्यंत त्यातली फक्त जानेवारीची ४ लाखांची वसुली झाली. त्याशिवाय एका नव्या पार्टीने एप्रिलमधल्या कामासाठी १ लाख ॲडव्हान्स दिला.

खर्चाकडे बघा. पत्रा आणि अँगल मिळून ९ लाखांचा माल घेतला, त्यातले ७ लाख दिले, २ लाख बाकी. आणि मार्चअखेर दीड लाखाचा माल गोडाऊनमध्ये शिल्लक होता. मजुरी महिना १,२०,०००. मार्चची मजुरी ७ एप्रिलला दिली, म्हणजे मार्चअखेरपर्यंत दोनच महिन्यांची गेली. भाडे महिना २०,०००, तिन्ही महिन्यांचे दिले. वीजबिल महिना १५,०००, मार्चचे राहिले. आणि जानेवारीत वर्षभराचा विमा एकदम भरला, २४,०००.

रोख पद्धतीने आलेले पैसे ५ लाख. गेलेले पैसे म्हणजे मालाचे ७ लाख, मजुरीचे २,४०,०००, भाड्याचे ६०,०००, विजेचे ३०,००० आणि विम्याचे २४,०००, एकूण १०,५४,०००. म्हणजे ५,५४,००० रुपयांची तूट.

उपार्जन पद्धतीने उत्पन्न १५ लाख. ॲडव्हान्स यात नाही, कारण ते काम अजून व्हायचे आहे. तो १ लाख म्हणजे आपण पार्टीला लागत असलेले देणे. खर्चात वापरलेला माल तेवढाच, म्हणजे ९ लाखांतून शिल्लक दीड लाख वजा जाता साडेसात लाख. मजुरी तिन्ही महिन्यांची ३,६०,०००, भाडे ६०,०००, वीज ४५,००० आणि विमा तीन महिन्यांपुरता ६,०००. एकूण १२,२१,०००. नफा २,७९,०००.

वर्कशॉप तेच, महिने तेच, आणि दोन उत्तरांत ८,३३,००० रुपयांचा फरक. तो हवेत गेलेला नाही. ११ लाख पार्ट्यांकडे अडकले आहेत, दीड लाख गोडाऊनमध्ये पत्रा होऊन पडले आहेत, १८,००० पुढच्या नऊ महिन्यांच्या विम्यात आहेत. हे झाले १२,६८,०००. उलट बाजूला पुरवठादाराचे २ लाख, मार्चची मजुरी १,२०,०००, वीज १५,००० आणि ॲडव्हान्सचा १ लाख, म्हणजे ४,३५,००० आपण अजून द्यायचे आहेत किंवा कामाने फेडायचे आहेत. वजाबाकी केली की नेमके ८,३३,००० उरतात.

"नफा गेला कुठं" या प्रश्नाचे उत्तर हे. नफा उधारीत आणि मालात बसला आहे. धंदा उद्या बंद केला, सगळी येणी आली आणि सगळी देणी फिटली, तर दोन्ही पद्धतींचा एकूण नफा सारखाच निघेल. मधल्या काळात कोणत्या वर्षाच्या पदरात किती पडते, एवढाच भेद.

## मग सोपी ती रोख पद्धतच का नको?

कारण या धंद्यात ती खोटे चित्र दाखवते. एप्रिलमध्ये त्याने समजा एकही काम घेतले नाही, तरी फेब्रुवारी-मार्चची वसुली येऊन रोख हिशेबात तो महिना घसघशीत नफ्याचा दिसेल. म्हणजे राबला तेव्हा तोटा आणि झोपला तेव्हा फायदा. अशा आकड्यांवरून दर ठरवता येत नाही. एका कपाटामागे आपल्याला किती सुटतात हे कळायला त्या कपाटाचा पत्रा, त्याची मजुरी आणि त्याची विक्री एकाच कप्प्यात यावी लागते. रोख पद्धत तिन्ही वेगवेगळ्या महिन्यांत फेकून देते.

बँकही तेच म्हणते. खेळत्या भांडवलाचे कर्ज घ्यायला गेलात की माल किती, येणी किती आणि ती किती दिवसांची, हे विवरण मागतात. रोखीच्या वहीत येणी हा शब्दच नसतो.

माझा स्वतःचा ठोकताळा असा. ज्याच्याकडे गोडाऊन आहे किंवा ज्याची महिन्याभरापेक्षा जास्त उधारी चालते, त्याने उपार्जनच धरावे. मग तो फॅब्रिकेटर असो, यंत्रमागवाला असो की हार्डवेअरचा दुकानदार.

## रोख पद्धत कोणाला शोभते?

जो स्वतःचा वेळ आणि कसब विकतो, त्याला. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, ट्यूशनवाले, फिजिओथेरपिस्ट. त्यांच्याकडे शिल्लक माल नसतो, मोठी खरेदी नसते, खर्च बहुतेक त्याच महिन्यात भागतो. आणि फी कधी येईल, येईल की नाही, याचा भरवसा कमी. वकिलाने बिल पाठवले म्हणून पैसे येतातच असे नाही, हे वकिलाइतके कोणाला ठाऊक नसेल. न आलेल्या फीवर कर भरायचा नाही, हा रोख पद्धतीचा खरा फायदा. हिशेबनिसाचे कामही हलके होते. व्यावसायिकांनी कोणत्या वह्या ठेवाव्यात हे सांगणारा आयकराचा नियमही किर्द आणि खतावणी मागतो, पण जर्नल मात्र उपार्जन पद्धत असेल तरच मागतो.

निवड मात्र सगळ्यांना नाही. कंपनी असेल, अगदी दोन भावांची प्रायव्हेट लिमिटेड असली, तरी २०१३ च्या कंपनी कायद्याने उपार्जनाचीच सक्ती आहे. एलएलपीला दोन्हींतून निवडता येते. एकट्याचा धंदा किंवा भागीदारी असेल, तर आयकर कायदा दोन्हींपैकी एक निवडू देतो. १९६१ च्या कायद्यात ही तरतूद कलम १४५ मध्ये होती. २०२५ च्या नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलले, निवड तशीच राहिली.

## थोडे हे, थोडे ते, असे चालेल का?

हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतोच, बहुधा डोळे मिचकावून. विक्री पैसे आल्यावर धरायची आणि खर्च बिल आल्याबरोबर, म्हणजे कर दोन्ही बाजूंनी कमी. पूर्वी मिश्र पद्धत चालत असे. १९९७-९८ च्या आकारणी वर्षापासून एकाच उत्पन्नाच्या हिशेबात अशी सरमिसळ बंद झाली. दर वर्षी सोयीप्रमाणे पद्धत बदलणेही चालत नाही, कारण कायदा ‘नियमितपणे वापरलेली’ पद्धत मागतो.

उत्पन्नाचे स्रोतच वेगळे असतील तर मात्र वेगळी पद्धत चालते. वर्कशॉपचा हिशेब उपार्जनाने आणि बँकेतल्या ठेवीचे व्याज रोखीने, असे धरता येते.

## टीडीएसचा घोळ

रोख पद्धतवाल्यांची खरी डोकेदुखी इथे आहे. एका आर्किटेक्टचे उदाहरण घेऊ. तिने २० मार्चला २ लाखांचे बिल दिले. ग्राहक कंपनी आहे, तिचा हिशेब उपार्जनाचा. कंपनीने मार्चमध्येच बिल खर्चात धरले आणि १० टक्क्यांनी २०,००० टीडीएस कापून भरला, कारण टीडीएस बिल खात्यात घेताना किंवा पैसे देताना, जे आधी होईल तेव्हा, कापायचा असतो. उरलेले १,८०,००० आर्किटेक्टच्या खात्यात आले १२ एप्रिलला.

आता आयकर खात्याकडच्या तिच्या टीडीएसच्या नोंदीत, म्हणजे फॉर्म २६ एएसमध्ये, या वर्षाखाली २ लाखांची रक्कम आणि २०,००० कर दिसतो. तिच्या वहीत मात्र या वर्षी काहीच नाही. इथे दोन चुका होतात. काही जण २०,००० चा कर या वर्षीच मागून घेतात आणि उत्पन्न दाखवत नाहीत. मग आयकर खात्याची नोटीस येते. काही जण नोटिशीच्या भीतीने उत्पन्नही या वर्षी दाखवतात आणि पुढच्या वर्षी बँकेत जमा दिसते म्हणून पुन्हा दाखवतात. त्यांचा कर दोनदा जातो, आणि हे कोणी सांगायला येत नाही.

नियम असा की ज्या वर्षी उत्पन्न कराला येते, त्याच वर्षी त्यावरच्या टीडीएसचे श्रेय. विवरणपत्रात टीडीएस पुढे ओढण्यासाठी वेगळा रकाना असतो. तिने या वर्षी ते २०,००० त्या रकान्यात पुढे न्यायचे आणि पुढच्या वर्षी उत्पन्नासोबत वापरायचे. त्यासाठी एक साधा कागद लागतो, मार्चअखेरची थकलेली बिले आणि प्रत्येकावर कापलेला टीडीएस. हा कागद ज्यांच्याकडे असतो त्यांचे काम अर्ध्या तासात होते.

## "पण न मिळालेल्या पैशांवर कर का भरू?"

आता उपार्जनवाल्यांची तक्रार. ती रास्त आहे. आयकरापुरते उत्तर असे की पार्टी बुडाली, तर ज्या वर्षी ते येणे वहीतून बुडीत म्हणून काढून टाकाल, त्या वर्षी ते खर्चात मिळते. आधी ते उत्पन्नात धरलेले असले पाहिजे आणि नोंद खरोखर झाली पाहिजे, ‘देईल कधीतरी’ म्हणून वर्षानुवर्षे ओढत नेलेले येणे खर्चात येत नाही.

जीएसटीत मात्र हीही सोय नाही. तुम्ही आयकरासाठी रोख पद्धत निवडली असली तरी जीएसटीचे घड्याळ वेगळे चालते. मालाच्या विक्रीत बिल झाले की कर लागू. आपल्या फॅब्रिकेटरने फेब्रुवारीत ५ लाखांची बिले केली, १८ टक्क्यांनी ९०,००० कर झाला. दरमहा विवरण भरत असेल तर २० मार्चपर्यंत, पत्र्यावर भरलेला कर वजा करून, उरलेला भरायचाच. पार्टीने तेव्हा एक रुपयाही दिलेला नव्हता. आणि पार्टी कायमची बुडाली तरी हा कर परत मिळत नाही. कर्जाचे पैसे संपण्यामागे हेही एक कारण होते.

## उपार्जनाच्या वहीत रोखीची पाचर

कायद्याने काही खर्चांच्या बाबतीत उपार्जनवाल्यांनाही "दाखवून भागणार नाही, भरून दाखवा" असे सांगितले आहे. सरकारी कर, कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा हिस्सा, बोनस, बँकेचे व्याज हे खर्च देणे झाले म्हणून मिळत नाहीत, प्रत्यक्ष भरावे लागतात. पूर्वीच्या कायद्यातले हे कलम ४३बी.

२०२३-२४ या आर्थिक वर्षापासून त्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिले आली, आणि बाजारात एकदम गडबड उडाली. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. मुदत उलटून वर्षअखेरही थकले, तर खर्च त्या वर्षी नाही, पैसे द्याल त्या वर्षी. मुदत ३१ मार्चच्या पुढे जात असेल आणि त्या मुदतीत पैसे दिले, तर मात्र आधीच्याच वर्षात खर्च मिळतो.

आपल्या फॅब्रिकेटरसाठी हे दुधारी आहे. त्याची स्वतःची उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, आहे, त्यामुळे मोठ्या कंपन्या मार्चमध्ये त्याचे पैसे सोडायला बघतात. उलट तो ज्याच्याकडून पत्रा घेतो, तो नोंदणी असलेला छोटा उत्पादक असेल तर त्याचे २ लाख यालाही मुदतीत द्यावे लागतील. तो निव्वळ व्यापारी असेल तर हा नियम लागत नाही. म्हणून पुरवठादाराचे उद्यम प्रमाणपत्र मागून त्यात उत्पादन लिहिले आहे की व्यापार, हे बघून ठेवायचे.

## दोन्हींत लबाडी होते, ती कुठे दिसते?

रोख पद्धतीत ३० मार्चला आलेला चेक ड्रॉवरमध्ये ठेवून ३ एप्रिलला भरतात. मार्चमधली जमा अचानक आटलेली आणि एप्रिलचा पहिला आठवडा भरभरून वाहणारा दिसला की समजायचे.

उपार्जनात उलटे होते. कर्ज हवे असले की विक्री फुगवतात. बिल ३१ मार्चचे आणि माल हलवताना काढायचे ई-वे बिल ४ एप्रिलचे असेल, तर माल मार्चमध्ये हललाच नव्हता. एप्रिलमध्ये माल परत आल्याच्या नोंदी खूप असतील, तरी तेच. आणि विक्री दीडपट झाली असताना येणी तिप्पट झाली असतील, तर वाढ ग्राहकांची आहे की नुसत्या बिलांची, हे एकदा विचारायला हवे.

## पद्धत बदलायची झाली तर

धंदा वाढला, माल ठेवायला लागलो, आता उपार्जनावर यायचे आहे, असे म्हणणारे बरेच येतात. खरे कारण असेल तर बदल करता येतो. धोका सांध्यावर असतो. १ एप्रिलला रोखीवरून उपार्जनावर आलात आणि मार्चअखेर ३ लाखांची बिले थकलेली होती. जुन्या वर्षात ती आली नाहीत, कारण पैसे आले नव्हते. नव्या वर्षात ती विसरली जातात, कारण बिले जुनी आहेत. असे उत्पन्न दोन्ही वर्षांच्या मधून गळून पडते आणि तपासणीत नेमके तेच निघते. उपार्जनावरून रोखीवर गेलात तर उलट, एकदा कर भरलेली बिले पैसे आल्यावर पुन्हा मोजली जातात. म्हणून बदलाच्या दिवशी येणी, देणी, शिल्लक माल आणि ॲडव्हान्स यांची यादी करून ती सीएच्या सहीनिशी फाईलला लावायची, आणि त्या यादीतली प्रत्येक रक्कम कोणत्या वर्षात मोजली ते तिच्यासमोर लिहायचे.

फॅब्रिकेटरने हिशेब उपार्जनाचाच ठेवला. फक्त मी त्याला सोबत एक रोखीचे पान आखून दिले, पुढच्या आठ आठवड्यांत कोणत्या तारखेला काय येणार आणि काय जाणार याचे. ते त्याने शिअरिंग मशीनच्या मागच्या भिंतीवर चिकटवले आहे. ७ तारखेला मजुरी, २० ला जीएसटी, आणि येण्याच्या रकान्यात पार्टीने सांगितलेली तारीख नाही, तर ती पार्टी मागच्या वेळी खरोखर किती दिवसांनी पैसे देऊन गेली, ते.